प्रश्नांवर शिक्षिकेशी बोलताना कोचने थेट सांगावं की विचारत राहावं?

नवी कोच: सहावीचा गणिताचा तास पाहिला. २० मिनिटांत मॅडमनी ३१ प्रश्न विचारले. उत्तरं त्याच चार मुलांची, बहुतेक एका शब्दाची. उद्या अर्धा तास बोलायचंय. थेट सांगू की त्यांच्याकडूनच काढून घेऊ? काय काय विचारू?

खडूची धूळ: ३१ हा आकडा तोंडातून काढू नकोस, त्या लगेच बचावाला उतरतील. दोन मिनिटांचा संवाद जसाच्या तसा लिहिलेला असेल तर तो कागद मधे ठेव. आहे का?

नवी कोच: आहे. "तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश?" "तीन चतुर्थांश." "छान. पुढचं."

खडूची धूळ: मग एवढ्यावरच बोल. पहिला प्रश्न: "या उत्तरावरून मुलाने कसा विचार केला, हे काय कळलं?" आणि गप्प बस. त्या म्हणतील, "त्याला येतं." तेव्हा विचार, "३ हे २ पेक्षा मोठे आणि ४ हे ३ पेक्षा मोठे, म्हणून तो अपूर्णांक मोठा, असं समजणारं मूल काय उत्तर देईल?" तेही हेच! त्याच मुलाला तीन पंचमांश आणि दोन तृतीयांश दिले की ते तोंडावर पडतं. इथे मॅडमना स्वतःलाच दिसतं की "कसं ठरवलंस?" राहून गेलं.

सरळसोट: एवढं गोल फिरायचं कशाला? 'का' आणि 'कसं'वाले प्रश्न विचारा म्हणावं, पाच मिनिटांत काम.

खडूची धूळ: प्रश्न बदलला आणि उत्तराला एका सेकंदात "छान" म्हटलं, तर पुन्हा तीच चार मुलं बोलणार. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच दाखवलं: प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात. आणि उत्तरानंतरचं थांबणंही तितकंच लागतं. पाढ्यांच्या उजळणीत मात्र थांबून काही साधत नाही.

मागच्या बाकावरून: माझ्या कोचने असंच "तुम्हाला काय वाटतं?" चालवलं होतं. उत्तर त्यांच्या खिशात आहे हे मला दिसत होतं. उलटतपासणीच ती. शेवटी मीच म्हटलं, सांगून टाका.

सरळसोट: बघा!

खडूची धूळ: हे मात्र खरं. दोन प्रश्नांत त्यांना दिसलं नाही, तर सरळ सांगायचं, "मला असं दिसलं." मग निम्मा वेळ सरावाला. तू ते चुकीचं समजणारं मूल हो, त्यांनी विचारायचं. पहिल्यांदा त्या तीन सेकंद थांबणार नाहीत, स्वतःच उत्तर देतील. पुन्हा करा.

नवी कोच: आणि नंतर?

खडूची धूळ: उठण्याआधी उद्याच्या पाठातला एक प्रश्न त्यांच्याच हाताने लिहून घे, खाली "कसं ठरवलंस?" आठवड्याच्या आत दहा मिनिटं वर्गात बस. दोनच गोष्टी मोज: उत्तरानंतर त्या किती वेळ थांबल्या आणि किती वेगळी मुलं बोलली.

मागच्या बाकावरून: मोजणार हे आधी सांगा. मला कळलं नव्हतं आणि वही पाहून घाम फुटला होता.

सरळसोट: आधी सांगितलं तर त्या दहा मिनिटांपुरत्या थांबतील, कोच गेला की पुन्हा "छान, पुढचं".