मदत हवी आहे: स्टोनची गोळी सुरू झाल्यापासून वीर्य जवळपास येतच नाही

वाकडचा_भाडेकरू:
वय ३४, लग्न झालंय, बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. मागच्या महिन्यात पाठीतून कळ निघून जांघेपर्यंत आली. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत खाली ५ मिमीचा खडा निघाला. डॉक्टरांनी भरपूर पाणी आणि रोज रात्री जेवणानंतर सायलोडोसिन ८ दिली. कळ थांबली, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून संबंधांच्या वेळी शेवटी दोन-चार थेंबच येतात, तेही पाण्यासारखे. आधी चांगलं चमचाभर, घट्ट असायचं. इच्छा, ताठरता सगळं ठीक, सुख मात्र जरा फिकं वाटतं. डॉक्टर बाई आहेत, विचारायला लाज वाटली. कायमचं काही बिघडलंय का?

सिंहगड_रोड:
गोळीमुळेच. मूत्राशयाचं तोंड ढिलं पडतं आणि वीर्य उलटं आत जातं. नंतर लघवी गढूळ होते का बघ.

वाकडचा_भाडेकरू:
बघितलं. लघवी नेहमीसारखीच आहे.

आयुष्मान_भव:
धातू क्षीण झालाय. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, म्हणून जपून वापरा. रात्री दुधातून अश्वगंधा घ्या, महिन्यात दाट होईल.

ओपीडी_नंतर:
मी युरोलॉजीत काम करतो. रक्ताच्या थेंबांचा हिशोब सोडून द्या, वीर्य रक्त आटवून बनत नाही. निम्म्याहून जास्त भाग शुक्राशयांतून येतो, बराचसा प्रोस्टेटमधून, आणि शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा.

सिंहगड_रोड यांनी गोळी बरोबर पकडली, कारण अर्धवट. या गटातल्या टॅमसुलोसिनवर निरोगी पुरुषांमध्ये अभ्यास झाला, तेव्हा वीर्य खूप कमी झालं होतं, पण नंतरच्या लघवीत त्या प्रमाणात शुक्राणू सापडले नाहीत. म्हणजे उलटं जाण्यापेक्षा मुळात बाहेर ढकललंच जात नाही, हे कारण मोठं. शुक्राशय आणि नळ्यांचे स्नायू आवळले की वीर्य पुढे सरकतं. ही गोळी मूत्रनलिका सैल करून खड्याला वाट देते, आणि तेच स्नायूही सैल पाडते. सायलोडोसिनमध्ये हे टॅमसुलोसिनपेक्षा जास्त दिसतं.

पातळपणाचंही तेच. वीर्याला घट्ट, चिकट करणारी प्रथिनं शुक्राशयांतून येतात. तो भागच आला नाही तर उरलेले थेंब पाण्यासारखेच दिसणार. एरवी बरेच दिवस खंड पडला की घट्ट, जेलीसारख्या गोळ्या दिसतात, त्याही वीसेक मिनिटांत विरघळतात. लागोपाठ झालं की पातळ. त्यावरून कुणाचा कस काढू नये.

गोळी बंद झाल्यावर बहुतेकांचं काही दिवसांत पूर्ववत होतं. पण मनाने बंद करू नका, खडा अजून आत असेल तर कळ परत येईल. बाईंना सरळ सांगा, "गोळीनंतर वीर्य येत नाही, मूल हवंय." त्यांनी हे रोज ऐकलेलं असतं.

आयुष्मान_भव:
आमच्या आजोबांनी अश्वगंधा घेऊन सात मुलं केली. असो.

ओपीडी_नंतर:
आजोबा सायलोडोसिनवर नव्हते.

वाकडचा_भाडेकरू:
धन्यवाद, जीव भांड्यात पडला. आणि गोळी बंद करूनही आलं नाही तर?

ओपीडी_नंतर:
दोन आठवडे थांबा. नाहीच आलं तर २ ते ७ दिवस खंड ठेवून वीर्य तपासणी करा. प्रमाण साधारण १.४ मिलीपेक्षा कमी भरलं की आम्ही कारण शोधतो, पण त्याआधी एकच विचारतो, पहिला भाग डबीबाहेर सांडला का? निम्म्या 'कमी' रिपोर्टांमागे तेवढंच असतं असं माझं मत. खरंच कमी असेल तर फ्रुक्टोज आणि आम्लता बघतात. फ्रुक्टोज नसेल आणि वीर्य आम्लधर्मी असेल तर नळी कुठेतरी अडली असण्याची शंका येते. मधुमेह आहे का, तेही सांगा. त्यात मात्र वीर्य खरंच उलटं जाऊ शकतं.

मंडईकर_काका:
विषय निघालाच आहे तर, वय ५६. दोनदा तपकिरी पडलं, गंजासारखं. दुखत नाही. हेही गोळीनेच का? मी बीपीची घेतो.

ओपीडी_नंतर:
काका, हा वेगळा प्रकार. तपकिरी म्हणजे जुनं रक्त, लाल म्हणजे ताजं. तिशीतल्या माणसाला एकदाच झालं तर बहुधा आपोआप थांबतं. तुमचं वय चाळिशीच्या पुढे आणि दोनदा झालंय, म्हणून लघवीची तपासणी, पीएसए ही रक्ताची चाचणी आणि युरोलॉजिस्टकडून प्रोस्टेटची तपासणी करून घ्या. बीपी मोजा, वाढलेलं बीपीही एक कारण असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? लघवीतही लाल दिसलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा.

मंडईकर_काका:
अ‍ॅस्पिरिन आहे, रोज एक. ती बंद करू का?

ओपीडी_नंतर:
ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

वाकडचा_भाडेकरू:
बाईंशी फोनवर बोललो. सोमवारी परत सोनोग्राफी, खडा पडला असेल तर गोळी बंद. नसेल तर काय, यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा बघू."