अनुभव धागा : लेंड की बॉरो, से की टेल, मेक की डू?

तुळशीबाग_सोलापूर
काल पुतण्याच्या वहीत ‘प्लीज बॉरो मी युअर कंपास’ असे वाक्य दिसले आणि टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कार्यालयातील जुना पत्रव्यवहार आठवला. मी तेथे टंकलेखन करीत असे. आमच्या वरिष्ठ कारकुनांनी एका परदेशी ग्राहकाला ‘वुई हॅव बॉरोड यू टू सॅम्पल टॉवेल्स, काइंडली रिटर्न देम’ असे लिहिले होते. दोन नमुने परत करण्याच्या बोलीवर पाठवले आहेत, हे त्यांना सांगायचे होते. ग्राहकाने मात्र, टॉवेल तुम्हीच आमच्याकडून नेले असतील तर ते आम्ही परत कसे करणार, असे विचारले. शेवटी ‘वुई हॅव लेंट यू टू सॅम्पल टॉवेल्स’ असे दुसरे पत्र गेले, तेव्हा उलगडा झाला. आपणांपैकी कोणाचे असे अनुभव असतील तर अवश्य लिहावेत.

शेंगाचटणी
आमच्या गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही बोलल्या जातात, आणि तिन्हींत ही अडचण सारखीच येते. आपण उसने देतो व उसने घेतो, कन्नड शेजारी साल कोडु आणि साल तगो म्हणतात, तेलुगू विणकर अप्पु इव्वु आणि अप्पु तीस्को म्हणतात. म्हणजे शब्द एकच राहतो आणि दिशा देण्या-घेण्यावरून कळते. इंग्रजीत ती दिशा क्रियापदातच असते. मी शिकवणीत मुलांना एवढेच पाहायला सांगते की बॉरोच्या लगेच पुढे मी, यू किंवा हिम आले का. आले असेल तर वाक्य चुकले, कारण बॉरोनंतर वस्तू येते आणि ज्याच्याकडून घ्यायची तो माणूस फ्रॉमनंतर येतो. लेंडच्या पुढे मात्र माणूस थेट चालतो. म्हणून पुतण्याला ‘प्लीज लेंड मी युअर कंपास’ किंवा ‘मे आय बॉरो युअर कंपास’ असे लिहायला सांगा.

अक्कलकोट_रोड
गृहकर्जाच्या अर्जावर लेंडर असा रकाना आहे. कर्ज मला हवे आहे, तर तेथे माझेच नाव लिहायचे ना?

शेंगाचटणी
नाही हो दादा, तेथे बँकेचे नाव येते. आपण बॉरोअर, हप्ते भरायचे ते आपल्यालाच!

मळ्यातला
मेक आणि डू यांत मला कधी अडचण येत नाही, कारण नवीन काही तयार झाले तर मेक आणि नुसते काम केले तर डू, हा नियम पुरेसा आहे. चहा मेक, गृहपाठ डू.

तुळशीबाग_सोलापूर
मग मिस्टेक, डिसिजन आणि फोन कॉल यांना मेक का लागते? यांतून तर कोणतीही वस्तू तयार होत नाही.

मळ्यातला
निर्णय तयार होतो आणि चूकही तयारच होते, असे मी मानतो.

शेंगाचटणी
तसे ताणले तर डॅमेजही तयारच होते, पण त्याला डू लागते. फेवरलाही डूच लागते. आपला नियम स्वयंपाकघरात चालतो, त्यापुढे जोड्या लक्षात ठेवाव्या लागतात. आपण सर्वच गोष्टी ‘करतो’, त्यामुळे मराठीतून कोणताच इशारा मिळत नाही.

रेल्वे_लाइन्स
से आणि टेलबद्दल लिहितो, पोळ्या लाटता लाटता लिहीत असल्याने त्रुटी राहिल्यास क्षमस्व. म्हणणे आणि सांगणे आपल्याकडे निराळे असल्यामुळे घोळ व्हायला नको, पण होतो, कारण ‘तो मला म्हणाला’ यातील ‘मला’ जसाच्या तसा उचलून आमच्या दुकानातील मुलगा ‘ही सेड मी’ म्हणतो. सेडला टू हवा, म्हणजे ‘ही सेड टू मी’. टोल्डला तो नको, म्हणजे ‘ही टोल्ड मी’. मुलाला एवढे सांगितले, तर तो आता ‘ही टोल्ड टू मी’ म्हणू लागला आहे.

मळ्यातला
म्हणजे टेलच्या पुढे ऐकणारा माणूस नेहमीच हवा?

शेंगाचटणी
बहुतेक वेळा हवाच. ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’ असे चालत नाही, तेथे सेड येते. पण ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’ यांत माणूस नसला तरी बिघडत नाही. एखाद्याला काही करायला सांगितले असेल, तर ‘शी टोल्ड मी टू वेट’ हेच सरळ पडते.

अक्कलकोट_रोड
अर्ज दुरुस्त केला, आभारी आहे. आणखी एक शंका आहे. अमेरिकेतील भाचा ‘कॅन यू लोन मी सम मनी’ असे लिहितो. लोन हे क्रियापद म्हणून चालते का?

शेंगाचटणी
तिकडे सर्रास चालते. इकडील परीक्षेत मात्र मी लेंडच लिहायला सांगते.

रेल्वे_लाइन्स
मी तर लोनलाही गुण द्यावेत या मताचा आहे. आधी भाच्याला किती हवेत ते तरी विचारा.