सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं अकाउंट उडवण्याआधी फाइली कुणाच्या नावावर करायच्या?

लेजरवाली
कोल्हापुरात आमचं छोटं सीए ऑफिस आहे. जीएसटीचं काम बघणारी सहकारी गेल्या महिन्यात सोडून गेली. आमचं सगळं गूगल वर्कस्पेसवर आहे आणि आम्ही रोज उघडतो त्या निम्म्या शीट तिच्या नावावर आहेत. सर म्हणतात, रिकाम्या अकाउंटचे पैसे कशाला भरायचे, या आठवड्यात डिलीट करून टाका. माझं म्हणणं, आधी मालकी बदलू. पण कुणाच्या नावावर? आणि तिने कुणाशीच शेअर न केलेल्या फाइलींचं काय करायचं? ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडेच आहे.

हिशेबी
सर बरोबर आहेत. उगाच बाऊ करू नका. डिलीट दाबलं की गूगल स्वतःच विचारतं, ड्राइव्हमधला डेटा कुणाला द्यायचा? तिथे सरांचा ईमेल टाका, झालं. काही राहिलंच तर 20 दिवसांत अकाउंट परत आणता येतं. गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू ठेवणं हाच खरा धोका.

सर्व्हरराव
हिशेबी, 20 दिवसांचं खरं आहे, पण त्या भरवशावर डिलीट करू नये. अकाउंट परत आणायला लायसन मोकळं लागतं आणि 20 दिवस उलटले की जे कुणाच्या नावावर केलं नव्हतं ते गेलं. जीएसटीचं चक्र महिन्याचं. एखादी शीट महिन्यातून एकदाच उघडत असेल, तर ती गायब झाल्याचं कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

लॉगिनच्या धोक्यावर डिलीट हा उपायच नाही. ताई, आजच पासवर्ड बदला आणि अकाउंट सस्पेंड करा. तिला आत येता येणार नाही, पण तिने शेअर केलेल्या फाइली तुम्हाला पूर्वीसारख्याच दिसतील. लायसनचे पैसे मात्र चालू राहतात, तेवढं सरांना आधीच सांगा. एक रिटर्नचं चक्र पार पडू द्या, मग डिलीट.

मालकी बदलायला डिलीटपर्यंत थांबायची गरज नाही. ॲडमिन कन्सोलमध्ये `Apps > Google Workspace > Drive and Docs > Transfer ownership` इथे जुना आणि नवा ईमेल टाकायचा. नव्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जुन्या ईमेलच्या नावाचं फोल्डर तयार होतं. लिंक बदलत नाहीत, शेअरिंगही तसंच राहतं.

हिशेबी
म्हणजे मी म्हटलं तेच, फक्त लांबण लावून. एका महिन्याचे पैसे तेवढे जास्त.

सर्व्हरराव
एका गोष्टीसाठी ते पैसे मोजायला सांगतोय, ऐका. माझ्याकडे काम देणाऱ्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अशीच बाई सोडून गेली. तिने क्लायंटच्या यादीच्या शीटला स्क्रिप्ट जोडली होती. 20 तारखेच्या आधी, ज्यांचे आकडे आले नाहीत त्यांना जीएसटीच्या 3बी रिटर्नची आठवण करणारा ईमेल आपोआप जायचा. मालकी व्यवस्थित बदलली, शीट उघडत होती, स्क्रिप्टही आत जशीच्या तशी होती. पण वेळेवर चालणारा ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच परवानगीने चालतो. मालकी बदलली तरी ट्रिगर नव्या मालकाच्या नावावर येत नाही आणि अकाउंट गेलं की तो मुकाट बंद पडतो. एररही कुणाला दिसली नाही. ईमेल जात नाहीत हे पहिल्यांदा कळलं ते एका क्लायंटने "यंदा आठवण आली नाही" म्हणून लेट फीवरून भांडण काढलं तेव्हा. दिवसाला पन्नास रुपये रक्कम छोटी, पण क्लायंट तुटायला आला.

दुसऱ्याने लावलेला ट्रिगर तुम्हाला तुमच्या यादीत दिसत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या शीटमध्ये `Extensions > Apps Script` उघडून आत काही लिहिलंय का बघा. असेल तर नव्या मालकाने स्वतःच्या लॉगिनने ट्रिगर नव्याने लावायचा आणि परवानगी द्यायची. ईमेल यापुढे त्याच्या पत्त्यावरून जातील, हे क्लायंटना कळवा. सस्पेंड केल्यावरही ते ईमेल थांबतात. काय बंद पडतंय ते अकाउंट हाताशी असतानाच कळतं, महिनाभर थांबायचं ते यासाठी.

निवांत
आमच्या सोसायटीत हाच घोळ झाला. जुन्या सेक्रेटरींनी सगळे हिशेब स्वतःच्या जीमेलवर ठेवले होते. आता ते मुलाकडे अमेरिकेत. आम्हीही ॲडमिनकडून ट्रान्सफर करून घ्यावं का?

सर्व्हरराव
निवांत, तुमची गोष्ट वेगळी. खासगी जीमेलला ॲडमिन नसतो. सेक्रेटरींनी स्वतः शेअरमध्ये जाऊन मालकी देऊ करायची आणि समोरच्याने ती स्वीकारायची, तीही दुसऱ्या खासगी जीमेललाच. ते अजून फोन उचलतायत तोवर करून घ्या.

वकीलीण
न शेअर केलेल्या फाइलींबद्दल कुणीच बोलत नाहीये. डिलीटच्या खिडकीत "कुणाशीही शेअर न केलेला डेटाही द्या" अशा अर्थाचा वेगळा चौकोन असतो. तो टिक करू नका. त्यात तिचा बायोडेटा असेल, पॅनचा स्कॅन असेल, नवऱ्याच्या दवाखान्याची बिलं असतील. सरांच्या ड्राइव्हमध्ये ते आयतं जाऊन पडणं बरं दिसत नाही.

हिशेबी
मॅडम, अकाउंट ऑफिसचं, पगार ऑफिसचा. अर्धवट वर्किंग पेपर माणूस शेअर करत नाही, पण नोटीस आली की तेच लागतात. मी तर टिक करणार. ऑफिसच्या ड्राइव्हवर घरची बिलं ठेवायचीच कशाला?

वकीलीण
ठेवू नयेत हे मान्य. पण ठेवतात सगळेच, तुम्हीही ठेवत असाल. तिला फोन करून सांगा, तासभर ऑफिसात ये, तुझं तू काढून घे, उरलेलं आमचं.

हिशेबी
आणि जाता जाता चार कामाच्या फाइली उडवल्या तर?

सर्व्हरराव
ट्रॅशमधूनही काढून टाकल्या तरी ॲडमिनला 25 दिवसांपर्यंत त्या परत आणता येतात. त्यामुळे मी वकीलीणबाईंच्या बाजूने, पण तिला बसवायचं ते ताईंच्या समोर. आणि सरांच्या नावावर सगळं टाकणं मला पटत नाही. उद्या सरांचा मुलगा ऑफिस बघायला लागला की हाच धागा पुन्हा निघेल. तुमच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह असेल, तर मालकी आधी सरांकडे घ्या आणि कामाच्या फाइली तिथून शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवा. तिथे फाइल माणसाची नसते, ऑफिसची असते. हलवल्यावर कुणाला काय दिसतंय ते एकदा तपासा, कारण फोल्डरमुळे मिळालेला ॲक्सेस सुटतो.

लेजरवाली
सस्पेंड केलं. सर महिन्याला तयार झाले, कुरकुरत. नऊ शीट उघडून पाहिल्या. ऑडिटच्या तारखांच्या शीटमध्ये खरंच स्क्रिप्ट निघाली, कुणालाच माहीत नव्हती. आणखी एक विचारते. तिच्या फोल्डरमध्ये मी बनवलेल्या काही फाइली आहेत. फोल्डर डिलीट झालं तर त्याही जातील का?

सर्व्हरराव
नाही, त्या तुमच्या नावावर आहेत. फोल्डर गेलं तर त्या बेवारशी होतील, एवढंच. ड्राइव्हच्या सर्चमध्ये हे टाका, सापडतील:

```
is:unorganized owner:me
```

लेजरवाली
बरं. तिला फोन केला होता. शनिवारी येते म्हणाली, पण नवऱ्याला घेऊन. सर म्हणतात, मीही बसतो मग. चौकोन टिक करायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही.

हिशेबी
चहा कुणाच्या खर्चाने, ते आधी ठरवा.