मदत हवी आहे: दाणेदार एसडी चॅनेलसाठी नॉईज रिडक्शन किती ठेवावं?

मंडळी, आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. टीव्ही ४३ इंची फोर-के, डिशचा बॉक्स एचडीएमआयने जोडलेला. सिग्नलची पट्टी भरलेली असते, चित्र अडकत नाही, चौकटी फुटत नाहीत. त्यामुळे छत्री हलवून पाहा असं कृपया सांगू नका. एचडी चॅनेल स्वच्छ दिसतात, दाणे फक्त एसडीवर आहेत.

नॉईज रिडक्शन 'हाय' केलं की दाणे जातात, पण सोबत खरा तपशीलही जातो. परवा शेतीच्या कार्यक्रमात कपाशीचं पान जवळून दाखवत होते. 'हाय'वर पान नुसतं हिरवं, गुळगुळीत. बंद केल्याबरोबर पानामागचा मावा दिसला. आम्हाला तर तोच पाहायचा असतो! क्रिकेटमध्ये चेंडूमागे पुसट शेपूटही येते.

मऊपणा भरून काढायला शार्पनेस ५० वरून ७० केला, तर खालच्या बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांना पांढरी कड आली आणि दाणे अजून टोचायला लागले. गेलेला तपशील काही परत आला नाही. १० वर अक्षरं पसरट वाटतात. पिक्चर मोड 'सिनेमा' आहे, 'व्हिव्हिड' नाही.

मेनूत साधं नॉईज रिडक्शन आणि एमपेग नॉईज रिडक्शन वेगवेगळे आहेत. मावा दिसत राहावा आणि दाणे थोडे कमी व्हावेत, यासाठी दोघांपैकी कोणतं 'लो'वर ठेवू, कोणतं बंद करू? आणि कड न येणारा शार्पनेसचा आकडा एचडीवर पाहून ठरवायचा की एसडीवर?