कपाटाचे दोन अंदाज: चौरस फुटाचा दर बघायचा की आतला तपशील?

गौरी: भिंतीतल्या ६ फूट रुंद कोनाड्यात ७ फूट उंच कपाट करून घ्यायचंय. एका मिस्त्रींनी समोरून दिसणारं एकच चित्र काढून चौरस फुटाचा दर सांगितला. दुसऱ्यांनी तीन रेखाटनं दिली आणि एकरकमी आकडा, जो साधारण सव्वापट आहे. घरचे म्हणतात पहिल्यांनाच काम द्या. तुम्ही काय बघाल?

विवेक: सरळ हिशेब आहे. ६ गुणिले ७, म्हणजे ४२ चौरस फूट. दुसऱ्यांच्या रकमेला ४२ ने भागा, दोन्ही दर समोरासमोर येतील. प्लायची ग्रेड दोघांकडूनही लेखी घ्या. एकरकमी आकड्यात कशाचे किती लावलेत ते कळत नाही, म्हणून मला चौरस फूटच पटतो.

रंधा: ग्रेड लेखी घ्या हे अगदी बरोबर, पण ४२ हे फक्त दारांचं माप झालं. आत किती बोर्ड जातो ते त्यात कुठेच येत नाही. खोली २ फूट धरा. दोन बाजूंना २८ चौरस फूट, मधल्या उभ्या पार्टिशनला १४, वर आणि तळाला मिळून २४, आणि ३ फुटी पाच फळ्यांना ३०. झाले ९६. आता खोली २० इंच करा आणि फळ्या दोनच ठेवा, तोच आकडा ६५ वर येतो. ८ बाय ४ चा जवळपास अख्खा शीट वाचला. समोरचं क्षेत्रफळ मात्र ४२ चं ४२, त्यामुळे दरही तोच.

आणि २० इंचांत कपडे नीट टांगता येत नाहीत. दार आणि पाठ वजा जाता आत १९ इंच उरतात. नुसता हँगरच १७-१८ इंचांचा असतो, शर्ट अडकवला की २१-२२ लागतात. मग बाह्या दारात चेपतात. समोरच्या चित्रात खोली दिसत नाही. ती वरून काढलेल्या प्लॅनमध्ये किंवा उभ्या छेदात दिसते. पहिल्यांकडे तो कागदच नाही, तर तुलना कशाशी करणार?

सुनीता: मी तर म्हणेन सरकते दरवाजे करा. आमच्याकडे केलेत, समोरची जागा वाचते.

रंधा: सुनीताताई, जागा वाचते हे खरं, पण एकामागे एक दोन दारं आणि त्यांचा ट्रॅक मिळून ३-४ इंच खोली खातात. गौरीताईंचा प्रश्न अंदाजांचा आहे, तरी सरकती दारं करायची तर खोली त्या हिशेबाने वाढवून दोघांकडून नवा आकडा घ्यावा लागेल.

करवत: मी स्वतः हेच काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तीन रेखाटनं काढायला वेळ जातो, आणि कितीतरी लोक तेच कागद घेऊन दुसऱ्याकडून काम करून घेतात. म्हणून पहिल्या भेटीत बरेच मिस्त्री एकच चित्र देतात. त्यात लबाडी असतेच असं नाही. मी रेखाटनाचे पैसे आधी घेतो आणि काम मिळालं की बिलातून वळते करतो.

गौरीताई, एक तपासा. चित्रात दोन खण ३६-३६ इंच लिहिलेत का? तसं असेल तर प्लायची जाडी धरायची राहिली आहे. १८ मिलीमीटरच्या तीन उभ्या म्हणजे सव्वादोन इंचांच्या आसपास. ७२ मधून ती गेली की एकेका खणाला आतून ३५ सुद्धा भरत नाहीत. शिवाय कोनाडा खाली, मध्ये आणि वर मापा. जे सगळ्यात कमी भरेल ते खरं, आणि त्यातही दोन्हीकडे पट्टीसाठी जागा सोडावी लागते.

गौरी: पहिल्यांच्या चित्रात ३६-३६ च आहे! फोन केला तर म्हणाले, खोली २० ते २२ इंच, फळ्या दोन, ड्रॉवरचे वेगळे पडतील. दुसऱ्यांनी २४ इंच, पाच फळ्या आणि तीन ड्रॉवर चॅनेलसकट धरलेत. पहिल्यांना हाच तपशील देऊन नवा आकडा मागितलाय. दुसऱ्यांचा कागद दाखवला नाही, फक्त मापं सांगितली. दारांवर तुटक रेषांचे त्रिकोण आहेत, ते कशासाठी?

विवेक: नवा आकडा आला की तरीही ४२ ने भागून बघा. तपशील सारखा झाल्यावर दर बोलतो, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

रंधा: सारख्या तपशिलावर भागा, हरकत नाही. त्रिकोणाचं टोक ज्या बाजूला, तिथे बिजागरी.

करवत: मी उलट काढतो, माझं टोक हँडलकडे असतं. आमच्याकडे सगळे तसंच काढतात.

रंधा: मी पाहिलेल्या बहुतेक रेखाटनांत टोक बिजागरीकडेच होतं.

करवत: असेल. गौरीताई, दुसऱ्या मिस्त्रींना प्रत्येक दारावर ‘बिजागरी इथे’ असं हाताने लिहून सही करायला सांगा. कोनाड्यालगतच्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर दार कुठल्या बाजूला उघडतं ते आधीच ठरलेलं बरं.