टोरंटचे अर्धवट अवशेष आणि दुहेरी प्रती : तुमचे अनुभव लिहा

परभणीकर
आमच्या गावातल्या अभ्यासिकेच्या डेस्कटॉपवर १ टीबीची डिस्क आहे. इंटरनेट आर्काइव्हवरून कॉपीराइट संपलेली जुनी मराठी मासिकं आणि ग्रंथ टोरंटने उतरवतो आणि डी ड्राइव्हवर विषयवार लावतो. उतरवलेली मूळ प्रत `Downloads` मध्ये तशीच राहते, कारण ती सीड होत असते. त्यामुळे प्रत्येक पुस्तक दोनदा साठतं. शिवाय लाइट गेली, कुणी टोरंट यादीतून काढला, तर अर्धवट फायली मागे पडून राहतात. आता डिस्क भरत आलीय.

काल एकाच नावाच्या दोन पीडीएफ शेजारी ठेवून बघितल्या. दोन्हींचा आकार बाइटपर्यंत सारखा. एक व्यवस्थित उघडते, दुसरी उघडतच नाही. मग आकारावर भरवसा ठेवून पुसायचं कसं? तुम्ही कुठली प्रत ठेवता, कशावरून ठरवता, सविस्तर लिहा.

नांदेडचा विकास
माझंही स्टोरेज सारखं भरायलंय. व्हॉट्सअॅपमध्ये पाठवलेले व्हिडिओ `Sent` नावाच्या फोल्डरात परत साठतात, ते पुसले की बरीच जागा मोकळी होते. तुम्ही तेच बघा आधी.

परभणीकर
विकासभाऊ, ते मोबाइलचं झालं. इथं प्रश्न कॉम्प्युटरवरच्या टोरंटच्या फायलींचा आहे. तरी मोबाइलवाल्यांना तुमची सूचना कामाची आहे.

खामकाठ
संभाजीनगरात एका संस्थेचं सर्व्हर-स्टोरेज सांभाळतो. आकाराचं कारण आधी सांगतो. टोरंटचे तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने येत नाहीत. जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी मागितला जातो. फायलीचा शेवटचा तुकडा लवकर आला की विंडोज पूर्ण आकार दाखवायला लागतं, मधे सगळी पोकळी असली तरी. `Properties` मध्ये `Size` आणि `Size on disk` दोन्ही बघा. दुसरा आकडा बराच कमी असेल तर फाइल बहुतेक अर्धवट आहे. पण क्लायंटमध्ये आधीच पूर्ण जागा राखून ठेवायचा पर्याय चालू असेल, तर दोन्ही आकडे सारखे येतात आणि ही खूण चालत नाही.

qBittorrent मध्ये अपूर्ण फायलींना `.!qB` शेपूट लावायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. पुढच्या अर्धवट फायली नुसत्या नावावरून ओळखता येतील.

जालन्याची मुक्ता
इतकं कशाला? डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर लावा, हॅशने तुलना करा आणि सारख्या निघतील त्यांच्या हार्डलिंक करून टाका. एकच डेटा, दोन नावं. सीडही चालू राहतं, तुमची विषयवार मांडणीही राहते. मी सगळीकडे हेच करते, पेनड्राइव्हवरसुद्धा.

खामकाठ
मुक्ताताई, हॅशचं म्हणणं बरोबर आहे. पण हार्डलिंक फक्त एकाच ड्राइव्हच्या आत होते. `Downloads` सी वर आणि मांडणी डी वर असेल तर जमणार नाही. पेनड्राइव्ह बहुतेक exFAT किंवा FAT32 असतात, तिथं हार्डलिंक नसतेच. तिथं तुमच्या सॉफ्टवेअरने काय केलं ते एकदा तपासा.

परभणीकर, तुम्ही क्लायंटकडूनच तपासून घ्या. जुनी नोंद निवडा, आधी `.torrent` फाइल एक्स्पोर्ट करून ठेवा. हे महत्त्वाचं, कारण आर्काइव्हवर त्या पुस्तकात काही बदल झाला की तिथला टोरंटही नव्याने तयार होतो, आणि तुमच्या जुन्या फायली त्याच्याशी पूर्ण जुळत नाहीत. मग नोंद काढा, पण फायली पुसायची खूण करू नका. तीच `.torrent` परत जोडा आणि सेव्ह करायची जागा म्हणून डी वरचा फोल्डर द्या. `Start torrent` आणि `Skip hash check` दोन्हींवरची खूण काढा. नंतर `Force recheck`. १०० टक्के आलं तर डी वरची प्रत अख्खी आहे, सीडिंग तिथूनच सुरू करा आणि मगच `Downloads` मधली पुसा.

फोल्डरांची आणि फायलींची नावं मात्र टोरंटमधल्यासारखीच हवीत. बदलली असतील तर शून्य टक्के दिसतं, डेटा चांगला असूनही.

लातूरची शुभांगी
`Start torrent` ची खूण काढायलाच हवी, हे मी जोर देऊन सांगते. आमच्या भजनी मंडळाची स्वतःची रेकॉर्डिंग्ज आम्ही टोरंटने वाटतो. एका गायकाने आपल्याकडच्या फायलींत टॅग भरले, गायकाचं नाव, अभंग, राग, सगळं. फोल्डर टोरंटला जोडल्याबरोबर क्लायंटला ते तुकडे चुकीचे वाटले आणि त्याने मूळ तुकडे परत उतरवून त्यावर लिहिले. टॅग गेले.

एमपी३ मध्ये टॅग बदलला की आवाज तोच राहिला तरी हॅश वेगळी येते. म्हणजे डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर या दोन प्रती सारख्या धरत नाही, आणि क्लायंटही नाही. हार्डलिंक केलेली असेल तर तर टॅग भरताना सीड होणारी प्रतच बदलते. काही टॅगर मात्र नवी फाइल लिहून जुन्याच्या जागी ठेवतात, तेव्हा लिंकच तुटते आणि परत दोन प्रती होतात. कुठला टॅगर काय करतो ते असं कळतं :

```
fsutil hardlink list abhang.mp3
```

टॅग भरण्याआधी आणि नंतर चालवा. दोन नावांचं एकच नाव झालं तर लिंक तुटली.

परभणीकर
खामकाठ यांनी सांगितलं तसं एका मासिकाच्या फोल्डरावर करून बघितलं. १०० आलं नाही. `Content` मध्ये बघितलं तर एक अंक शून्य टक्के, त्याच्या आधीचा आणि नंतरचा ९९ च्या वर, बाकी सगळे १००. शून्यवाला अंक वाचताना तर छान उघडतो.

खामकाठ
त्या अंकात कुणी काही केलंय का? ओसीआर वगैरे?

परभणीकर
हो! आमच्या इथल्या एका शिक्षकांनी शोधता यावं म्हणून त्याला ओसीआर केलाय. आणि शेजारच्या दोघांचं काय?

खामकाठ
तुकडा फायलीच्या हद्दी बघत नाही. एका अंकाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकाच तुकड्यात असते. बदललेल्या अंकामुळे दोन्हीकडचे सामाईक तुकडे नापास झाले, शेजारचे अंक चांगलेच आहेत. ओसीआरवाली प्रत आधी त्या फोल्डरातून बाहेर हलवा. मग सुरू करा, तो एकच अंक परत उतरेल. नुसता `Do not download` लावून तिथंच ठेवू नका, काठावरच्या तुकड्याचा भाग त्यात लिहिला जाण्याचा धोका आहे.

बीडचा अन्वर
हेच माझ्याकडं उलट्या बाजूनं दिसलं. मोठ्या टोरंटमधून मोजक्याच फायली निवडल्या की ठिपक्यानं सुरू होणारी, `.parts` नं संपणारी एक फाइल उरते. न निवडलेल्या शेजाऱ्यांचे काठ त्यात असतात. µTorrent मध्ये तिचं नाव `~uTorrentPartFile` नं सुरू होतं. टोरंट यादीत असेपर्यंत हात लावू नये, गेला की बिनधास्त पुसावी.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. डी ऐवजी बाहेरची यूएसबी डिस्क असेल आणि ती रोज काढली जात असेल, तर तिथूनच सीड करणं कितपत बरं? माझ्याकडं डिस्क न लावता मशीन सुरू केलं की नोंदी लाल होतात, फायली सापडत नाहीत म्हणून.

जालन्याची मुक्ता
पेनड्राइव्ह बघितला. exFAT च आहे. सॉफ्टवेअरने लिंक केलीच नव्हती, दोन्ही प्रती पूर्ण आकाराने आहेत. एनटीएफएस करून बघते.

अन्वरभाई, डिस्क लावल्यावर परत तपासणी केली की नोंदी ठीक होतात. पण मोठ्या संग्रहाला त्यात फार वेळ जातो, आणि डिस्कला ड्राइव्हचं अक्षर दरवेळी तेच मिळालं पाहिजे. मी तरी बाहेरच्या डिस्कवर फक्त साठवण ठेवते.

परभणीकर
ओसीआरची प्रत वेगळ्या फोल्डरात हलवली, तो अंक परत उतरला, मासिक १०० टक्के झालं. `Downloads` मधली जुनी प्रत पुसली. शिक्षकांची प्रत आता दुसरी प्रत धरायची नाही, ते वेगळंच काम आहे. ती वेगळा टोरंट करून वाटावी का, की आर्काइव्हवरच चढवावी, यावर कुणाचा अनुभव असेल तर लिहा.