स्ट्रीट फायटरमधला बायसन नक्की कोणता? आणि अशा बदलाला म्हणायचं काय?

अनुजा_डों
पार्लरमधल्या जुन्या गेम्सवर एका अंकासाठी लेख लिहितेय. 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) मधल्या लाल गणवेशातल्या हुकूमशहाला मी एम. बायसन म्हटलं. मावसभाऊ जपानमध्ये असतो, तो म्हणे बायसन म्हणजे बॉक्सर! लेखात काय लिहू? आणि परदेशी गेममधली नावं, संवाद असे बदलतात त्याला मराठीत भाषांतर म्हणायचं, रूपांतर, की स्थानिकीकरण?

टोकनवाला
आमच्याकडे तिघांना नावंच नव्हती. बॉक्सर, नखवाला, टोपीवाला. विषय संपला. तो पार्लरवाला मशीनचं बटण अडकलं तरी टोकन परत देत नसे, हे मात्र लेखात येऊ द्या.

नाना_सातारकर
अमेरिकन लोकांना जपानी नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून बदलतात. साधी गोष्ट आहे.

जुना_भिडू
नाना, तसं असतं तर र्‍यू आणि होंडा ही याच गेममधली जपानी नावं कशी टिकली? बदलली ती नावं जपानी नव्हतीच. मूळ गेममध्ये बॉक्सर हा माइक बायसन, मुखवटा घालून पंजाने ओरबाडणारा स्पॅनिश गडी बालरॉग, आणि हुकूमशहा वेगा. आता 'माइक बायसन' मोठ्याने म्हणून बघा आणि त्याचा चेहरा आठवा. माइक टायसन खटला भरेल या धास्तीने अमेरिकेत पाठवताना तिन्ही नावं फिरवली. बॉक्सर झाला बालरॉग, स्पॅनिश गडी वेगा, हुकूमशहा बायसन. वेगा हे स्पॅनिश आडनाव असल्याने ते त्याला शोभलंही. गंमत म्हणजे 'एम.' तसाच राहिला. तो माइकचा एम, पण आता हुकूमशहाच्या नावामागे विनाकारण लटकतोय.

अनुजाताई, तुमचा भाऊही बरोबर आणि तुम्हीही. इकडे आपण इंग्रजी गेम खेळलो, तेव्हा इकडच्या वाचकासाठी हुकूमशहाच बायसन. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोटाळा नको म्हणून खेळाडू अजूनही इंग्रजीत 'बॉक्सर, पंजा, हुकूमशहा' असंच म्हणतात.

टोकनवाला
म्हणजे आमचं पार्लर आंतरराष्ट्रीय दर्जाचं होतं तर!

शुद्धलेखनी
यात भाषेचा संबंधच नाही, हा वकिली सल्ला झाला. भाषांतर म्हणजे अर्थ नेणे. येथे 'नामांतर' हा शब्द असताना 'स्थानिकीकरण' हे सरकारी परिपत्रकी भूत कशाला?

जुना_भिडू
नावापुरतं नामांतर चालेल. पण संवादांचं काय? र्‍यू जिंकल्यावर जपानीत म्हणतो की शोर्युकेन भेदल्याशिवाय तुला जिंकायची आशा नाही. शोर्युकेन म्हणजे त्याचा तो उसळी मारून हाणलेला ठोसा. लिहिताना तीन चिन्हं: वर चढणे, ड्रॅगन, मूठ. पहिल्या दोन चिन्हांचा चिनी उच्चार 'शेंग लाँग'. इंग्रजीत आलं: शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही. ठोशाचा माणूस झाला! पोरं त्याला शोधायला लागली. एप्रिल १९९२ मध्ये एका अमेरिकन गेम मासिकाने 'शेंग लाँगशी असं लढता येतं' म्हणून एप्रिल फूल छापलं आणि कित्येकांनी खरं मानलं. पुढे सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीत ते वाक्य 'ड्रॅगन पंच' असं दुरुस्त झालं. याला नामांतर म्हणाल?

शुद्धलेखनी
याला चूक म्हणेन.

मेघना_सबटायटल
मी सबटायटल्स करते, जागेची मारामारी रोजची. 'फायनल फँटसी ६' (१९९४) घ्या. टेड वूल्झी या एकट्या माणसाच्या हातात इंग्रजी भाषांतराला तीसेक दिवस होते. जपानी चिन्हं थोड्या जागेत बरंच सांगतात, इंग्रजी पसरते, आणि कार्ट्रिजमधली जागा मोजकी. म्हणून संवाद छाटले. जपानीत नायिकेचं नाव टीना, कारण तिकडे ते दूरदेशीचं वाटतं. अमेरिकेत टीना शेजारच्या घरातली, म्हणून केली टेरा. वर निन्टेंडोचे नियम: धार्मिक शब्द नको, म्हणून 'होली' नावाचा मंत्र 'पर्ल' झाला. शिव्या नकोत, म्हणून चिडलेला खलनायक केफ्का 'सन ऑफ अ सबमरिनर' म्हणतो. मला विचाराल तर हे मुळापेक्षा मजेदार आहे. मी याला बिनधास्त रूपांतर म्हणते. 'ती फुलराणी'त एलायझाची मंजुळा झाली, तेव्हा कुणी कुरकुर केली का?

शुद्धलेखनी
तेथे रूपांतर असल्याचे उघड होते. येथे मुलाला वाटते की हाच मूळ खेळ. हा भेद मोठा आहे.

नाना_सातारकर
पण उच्चाराचं माझं म्हणणं पूर्ण चूक नाही. आमच्या मुलाला र्‍यू म्हणता येत नाही, तो 'रियू' म्हणतो.

मेघना_सबटायटल
'रियू' हे मूळ उच्चाराच्या जवळचंच आहे, नाना. इंग्रजीवाले 'रायू' म्हणतात.

अनुजा_डों
मंडळी, लेख शुक्रवारी द्यायचाय. बायसन ठेवते आणि तळटीप टाकते. पण शीर्षकात रूपांतर लिहू की नामांतर?

टोकनवाला
मला सांगा, तो हिरवा वीजवाला प्राणी, ब्लांका, तो तिकडेही ब्लांकाच ना?

जुना_भिडू
हो, तो तसाच.